सोसायटीच्या बिलात बसलेलं एजीपीएल: मरोळच्या एका छोट्या कंपनीचं प्रकरण

मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधे गाळा घेऊन चार-पाच जणांची एक सॉफ्टवेअर कंपनी चालते. नाव सांगत नाही, गरजही नाही. प्रॉडक्ट एकच, हाउसिंग सोसायट्यांचं बिलिंग. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, पाणीपट्टी, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, थकबाकीवरचं व्याज असं सगळं जोडून दर महिन्याला प्रत्येक मेंबरचं बिल पीडीएफमधे निघतं, मेंबर लॉगिन करून डाउनलोड करतो आणि सेक्रेटरीच्या डोक्याचा ताप तेवढा कमी होतो. सॉफ्टवेअर कंपनीच्याच सर्व्हरवर चालतं, सोसायट्या फक्त ब्राउझरमधून वापरतात. बरी चालली होती गाडी.

मग लोअर परळची एक मोठी प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनी आली. त्यांच्याकडे बऱ्याच सोसायट्या, पण त्यांची अट अशी की सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरवर बसवून द्या, आमचा डेटा बाहेर नको. रेट ठरला, आणि अॅग्रीमेंटच्या आधी त्यांच्या आयटीवाल्यांनी एक फॉर्म पाठवला ज्यात मधेच एक ओळ होती: वापरलेल्या सगळ्या ओपन सोर्स गोष्टींची यादी द्या, व्हर्जन आणि लायसन्ससकट. मरोळच्या कंपनीचा मालक माझा जुना कलीग, त्याचा फोन आला. "अरे सगळं ओपन सोर्सच आहे, फुकटचंच, त्यात यादी कसली मागतायत?"

इथेच घोळ आहे बघा. ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरलाय, म्हणजे कोड लिहिला की लिहिणाऱ्याचा (किंवा नोकरीत लिहिला असेल तर सहसा कंपनीचा) हक्क आपोआप तयार होतो, कुठे रजिस्टर करावं लागत नाही. त्यानंतर दुसऱ्या कोणी तो कॉपी करायचा, बदलायचा, पुढे द्यायचा म्हटलं की परवानगी लागते. लायसन्स म्हणजे ती परवानगी, आधीच लिहून ठेवलेली, सगळ्यांसाठी, काही अटींवर. अट पाळली तर परवानगी आहे, नाही पाळली तर नाही, एवढं साधं आहे ते. पैसे न मागणं ही गोष्टच वेगळी. जीपीएल हे असंच एक नावाजलेलं लायसन्स, त्याखालचा कोड तुम्ही पैसे घेऊन विकू शकता, लायसन्सची त्याला आडकाठी नाही, फक्त ज्याला विकला त्याला सोर्स द्यावा लागतो आणि तेच सगळे हक्क द्यावे लागतात.

तर मी गेलो मरोळला, आणि आधी यादी काढली. बॅकएंड जावामधे, स्प्रिंग बूटवर, फ्रंटएंड रिअॅक्ट. मेव्हन आणि एनपीएमने लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांचा तयार कोड, आणणाऱ्यांना हे दोन कमांड पुरतात:

```
mvn license:add-third-party
npx license-checker --summary
```

फ्रंटएंडला जवळजवळ सगळं एमआयटी. हे सगळ्यात सोपं लायसन्स: वापरा, बदला, विका, आपला कोड बंद ठेवा, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर कॉपीबरोबर राहू द्या. एवढी एकच अट, आणि तीच मोडली होती. वेबपॅक सगळा कोड एकत्र बांधून बंडल करताना त्याचा कोड छोटा करणारा मिनिफायर लायसन्सच्या कॉमेंट बाजूला काढून `main.js.LICENSE.txt` नावाच्या फाइलमधे टाकतो, आणि यांची डिप्लॉय स्क्रिप्ट फक्त `*.js` आणि `*.css` उचलायची, ती txt फाइल बिल्ड फोल्डरमधेच पडून राहायची! दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय त्या फाइलमधे फक्त ठराविक पद्धतीने लिहिलेल्या कॉमेंटच येतात, सगळ्या लायब्ररी येत नाहीत, त्यामुळे स्क्रिप्ट दुरुस्त केलीच, पण सगळ्यांचे मजकूर गोळा केलेली एक वेगळी नोटिस फाइल पण केली आणि सॉफ्टवेअरच्या 'आमच्याविषयी' पानावर तिची लिंक दिली. अर्ध्या दिवसाचं काम.

स्प्रिंग बूट अपाची २.० खाली. एमआयटीचाच मोठा भाऊ, जरा वकिली भाषेत. त्यात पेटंटची परवानगी पण स्पष्ट दिलेली असते, आणि मूळ प्रोजेक्टमधे `NOTICE` फाइल असेल तर ती पुढे द्यायची, फाइल बदलली असेल तर बदलली म्हणून लिहायचं. यांनी काही बदललं नव्हतं. पुढे.

मग मेव्हनच्या यादीत ही दिसली:

```xml
<dependency>
  <groupId>com.itextpdf</groupId>
  <artifactId>itext7-core</artifactId>
  <version>7.2.5</version>
  <type>pom</type>
</dependency>
```

पीडीएफ बनवायची आयटेक्स्ट. आधीच्या एका डेव्हलपरने कुठल्यातरी ट्युटोरियलमधून उचलून टाकली होती, तो केव्हाच दुसरीकडे गेला. लायब्ररी चांगली आहे, प्रश्नच नाही, पण तिचं लायसन्स एजीपीएल ३, जीपीएलचंच आणखी कडक भावंड. जुन्या काळी आयटेक्स्ट सैल लायसन्सवर मिळायची, पाचव्या व्हर्जनपासून एजीपीएल झाली, आणि ज्यांना एजीपीएल नको त्यांनी कमर्शियल लायसन्स विकत घ्यायचं. एकच कोड, दोन दरवाजे, यात चोरून काही नाही, त्यांच्या साइटवर सरळ लिहिलंय.

मालकाला वाटलं मी उगाच घाबरवतोय. मी म्हटलं, तुझ्या स्वतःच्या सोसायटीचं बिल उघड. त्याने लॅपटॉपवर घेतलं आणि पीडीएफ कशाने बनली ते सांगणारी प्रोड्यूसरची ओळ बघायला मी हे चालवलं:

```
pdfinfo bill.pdf | grep Producer
```

उत्तरात आयटेक्स्टचं नाव, आणि शेजारी कंसात एजीपीएल व्हर्जन. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक मेंबरला जे बिल जात होतं त्याच्या प्रॉपर्टीजमधे हे छापलेलं होतं, ज्याला बघायचं त्याने राइट क्लिक करून बघावं. एका पोराने लगेच सुचवलं, "सर, ती ओळच काढून टाकू ना." अजिबात नाही. आयटेक्स्टने एजीपीएलमधल्या जादा अटींच्या कलमाखाली हीच अट घातलीय की बनलेल्या पीडीएफमधली प्रोड्यूसरची ओळ तशीच ठेवायची. ती काढली तर एकाच्या जागी दोन अटी मोडल्या, आणि दुसरी तर जाणूनबुजून.

आता मालकाचा मुद्दा, जो मी निदान पन्नास लोकांकडून ऐकलाय: "आपण सॉफ्टवेअर कोणाला देतच नाही, आपल्या सर्व्हरवर चालवतो, मग सोर्स कोणाला द्यायचा?" साध्या जीपीएलसाठी हा मुद्दा बरोबर आहे. जीपीएलची अट तेव्हा लागते जेव्हा तुम्ही प्रोग्रॅमची कॉपी दुसऱ्याला देता. स्वतः चालवा, ऑफिसमधे वापरा, सर्व्हरवर ठेवून लोकांना ब्राउझरमधून वापरू द्या, कॉपी बाहेर गेली नाही तर सोर्स द्यायचं बंधन नाही. नेमकी हीच फट बुजवायला २००७ मधे एजीपीएल ३ आलं. त्याचं कलम १३ म्हणतं की तुम्ही प्रोग्रॅममधे बदल केला असेल आणि लोक नेटवर्कवरून त्याच्याशी व्यवहार करत असतील, तर त्या लोकांना सोर्स मिळवायची सोय ठळकपणे द्या. म्हणजे इथे लॉगिन करून बिल काढणारा प्रत्येक मेंबर हा हक्कदार.

"पण आम्ही आयटेक्स्टची एक ओळ बदललेली नाही." हा दुसरा मुद्दा, आणि तो जरा जास्त तगडा आहे. लायसन्समधे 'बदल' याची व्याख्या रुंद आहे, मूळ काम घेऊन त्यावर आधारलेलं दुसरं काम बनवणं पण त्यात येतं. ही लायसन्स लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं असं की लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममधे लिंक केली, एकाच प्रोसेसमधे एकमेकांची फंक्शनं बोलावली, की दोन्ही मिळून एक काम होतं. आयटेक्स्टवाले पण हेच मानतात. यावर वाद घालणारे वकील आहेत, नाही असं नाही, पण चार-पाच जणांच्या कंपनीने तो वाद स्वतःच्या पैशाने कोर्टात लढायचा का, हा खरा प्रश्न. माझं मत स्पष्ट होतं, नाही.

रस्ते चार होते. पहिला, सगळा कोड एजीपीएलखाली खुला करायचा. हे ऐकून मालकाचा चेहरा पडला, त्याला वाटलं डेटा आणि पासवर्ड पण द्यावे लागतील. तसं नाही, सोर्स म्हणजे कोड आणि तो बिल्ड करायला लागणाऱ्या स्क्रिप्ट, सोसायट्यांचा डेटा नाही. आणि द्यायचा तो वापरणाऱ्यांना, जगाला जाहिरात करून नाही, अर्थात ज्याला मिळाला तो पुढे कोणालाही देऊ शकतो. काही धंद्यांना हे चालतं, सपोर्टवर पैसे मिळवतात. याचं सगळं भांडवल व्याजाच्या आणि थकबाकीच्या हिशोबाच्या कोडमधे होतं, त्याला नको होतं.

दुसरा, कमर्शियल लायसन्स. सरळ रस्ता, पण त्यात एक मेख निघाली. यांची बिलं मराठीतून. नुसती आयटेक्स्ट देवनागरी नीट जोडत नाही. 'सिंकिंग' मधली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, 'क्ष' फुटून 'क', हलन्त आणि 'ष' असे सुटे होतात. त्यासाठी पीडीएफकॅलिग्राफ नावाचं त्यांचं वेगळं अॅड-ऑन लागतं, तेही पैशाचं. आधीच्या डेव्हलपरने यावर काय उपाय केला होता माहितीये? मराठी मजकूर इमेज करून पीडीएफमधे चिकटवला होता, म्हणून बिलात सर्च चालायचं नाही. बरीच वर्षं मेंबर लोक तक्रार करत होते आणि सपोर्टवाले "तुमचा मोबाइल अपडेट करा" सांगत होते!

तिसरा रस्ता मालकाचाच, मधे भिंत घालू. आयटेक्स्टचा एक छोटा वेगळा प्रोग्रॅम करू, तो जेसन फॉरमॅटमधे डेटा घेईल आणि पीडीएफ परत देईल, तेवढ्याचाच सोर्स खुला करू, बाकी आपलं बंद. कल्पना वाईट नाही. दोन स्वतंत्र प्रोग्रॅम सॉकेटवरून किंवा कमांड लाइनवरून बोलत असतील तर सहसा ते वेगळेच धरले जातात, हे फाउंडेशन पण सांगतं. पण तेच पुढे असंही म्हणतं की देवाणघेवाण फार आतली असेल, एकमेकांच्या रचना आतपर्यंत माहीत असतील, तर नुसत्या भिंतीने भागत नाही. यांचा जेसन म्हणजे बिलाची अख्खी आतली रचना होती. शिवाय समोरच्या कंपनीच्या यादीत एजीपीएल हे नाव राहिलंच असतं, आणि त्यांच्या वकिलाला प्रत्येक वेळी भिंत समजावत बसा.

चौथा रस्ता, बदलून टाका. आणि इथे मराठीनेच निर्णय सोपा केला. अपाची पीडीएफबॉक्स आहे, जुन्या आयटेक्स्टवरून निघालेली ओपनपीडीएफ आहे, दोन्ही लायसन्सच्या बाजूने बिनघोर, पण जोडाक्षरांसाठी दोन्हीत खटपट करावी लागली असती. ब्राउझर मात्र देवनागरी बिनचूक दाखवतो. मग बिलाचं एचटीएमएल टेम्प्लेट करून हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, क्रोमियम ब्राउझरने पीडीएफ काढायचं ठरलं:

```
chromium --headless --no-pdf-header-footer \
  --print-to-pdf=bill.pdf bill.html
```

क्रोमियम मुख्यतः एमआयटीसारख्याच सैल बीएसडी लायसन्सखाली, आणि वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो, आपल्या कोडमधे मिसळत नाही. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या लायसन्सचा, पीडीएफमधे बसवायला मोकळा, बिलावर कसली अट येत नाही. तोटा वेगाचा. पहिल्या तारखेला चारशे फ्लॅटच्या सोसायटीची बिलं काढताना प्रत्येक बिलाला नवा क्रोमियम उघडला तर सर्व्हरची रॅम संपते, त्यामुळे एकच ब्राउझर उघडा ठेवून त्याला रांगेत बिलं द्यायची व्यवस्था करावी लागली. पण आता 'सिंकिंग फंड' सर्च केला की सापडतो, आणि प्रोड्यूसरमधे क्रोमियमचं `Skia/PDF` येतं.

नवं बसवलं म्हणजे जुनं माफ झालं का? आपोआप नाही. अट मोडली की एजीपीएलची परवानगी संपते. पण जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ च्या कलम ८ मधे दुरुस्तीची सोय आहे जी जुन्या जीपीएल २ मधे नव्हती. तुम्ही उल्लंघन पूर्ण थांबवलं की हक्क तात्पुरते परत येतात, आणि थांबवल्यापासून ६० दिवसांत कॉपीराइट ज्याचा आहे त्याच्याकडून नोटिस आली नाही तर कायमचे. पहिल्यांदाच नोटिस आली असेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलं तरी हक्क परत मिळतात. म्हणून 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा: टेस्ट सर्व्हरवर पण आयटेक्स्टचं जुनं बिल्ड एका सोसायटीच्या डेमोसाठी चालू होतं, ते बंद केलं आणि तारीख लिहून ठेवली. यात झालेल्या काळाचा दावा कायद्याने बंद होतो असं कोणी समजू नये, परवानगी परत येते एवढंच, पुढचं वकिलाला विचारलं. आणि सोसायट्यांकडे पडलेली जुनी बिलं? ती काही परत मागवायची नाहीत. प्रोग्रॅममधून निघालेल्या आउटपुटला लायसन्स सहसा लागत नाही, त्या आउटपुटमधेच प्रोग्रॅमचा भाग भरलेला असेल तरच लागतं.

एवढं झाल्यावर एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, ते अक्षरी रुपयांचं पण बघायला हवं का?" बिलाच्या खाली 'रुपये अक्षरी' लिहिणारं फंक्शन त्याने गिटहबवरून घेतलं होतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत भलेभले गडबडतात, त्यामुळे तयार मिळालं की कोण सोडतंय. रिपॉझिटरी उघडली. README आहे, कोड आहे, `LICENSE` फाइल नाही. कुठेच काही लिहिलेलं नाही.

बहुतेकांना वाटतं लायसन्स नाही म्हणजे बंधन नाही. अगदी उलट आहे. लायसन्स नाही म्हणजे परवानगीच नाही, सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे. गिटहबच्या अटींप्रमाणे पब्लिक रिपॉझिटरी दुसऱ्यांना बघता येते आणि गिटहबवरच फोर्क करता येते, तेवढंच. आपल्या प्रॉडक्टमधे टाकायची मुभा त्यातून मिळत नाही. म्हणजे गंमत बघा, ज्या एजीपीएलला सगळे घाबरतात त्याखाली निदान अटी पाळून वापरता तरी येतं, इथे अट पाळायलाच काही नाही. "व्हेरिएबलची नावं बदललीत मी," असं पोराचं म्हणणं. त्याने काही होत नाही, कॉपीच आहे ती.

त्या लेखकाच्या रिपॉझिटरीवर इश्यू टाकून विनंती केली की बाबा रे, एमआयटी किंवा कुठलंही लायसन्स जोडशील का. बरेच लोक आनंदाने जोडतात, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं. इथे उत्तर आलं नाही, शेवटचा कमिट पण खूप जुना होता. मग दुसऱ्या मुलीला, जिने तो कोड कधी उघडला नव्हता, फक्त काय हवं ते कागदावर दिलं: लाख आणि कोटीची पद्धत, पैसे वेगळे, शेवटी 'फक्त'. आकड्यांची नावं भाषेची आहेत, त्यांच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, ती घ्यायला हरकत नव्हती. दुपारपर्यंत तिचं झालं. १,००,०६९ ला 'एक लाख एकोणसत्तर रुपये फक्त' आलं, आणि जुन्या कोडमधे शून्य पैशांना 'आणि पैसे' असं लोंबकळत राहायचं ते पण गेलं.

आता शेवटची गोष्ट, जी होस्टिंगपुरती कधीच अडली नसती. डेटाबेससाठी मायएसक्यूएलचा कनेक्टर होता, जीपीएल २ वाला. स्वतःच्या सर्व्हरवर होता तोवर काही प्रश्न नाही, कारण कॉपी बाहेर जात नव्हती. पण लोअर परळच्या सर्व्हरवर जार फाइल, म्हणजे बिल्ड केलेला जावा प्रोग्रॅम, द्यायची म्हणजे कॉपी द्यायची, आणि त्या कनेक्टरला जी सूट आहे ती ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी, बंद प्रॉडक्टसाठी नाही. तोच कोड, तेच लायसन्स, फक्त सर्व्हर कोणाचा यावर उत्तर बदललं. यांचा डेटाबेस मुळात मारियाडीबीच होता, म्हणून मारियाडीबीचा कनेक्टर लावला, तो एलजीपीएल २.१ खाली, जे जीपीएलपेक्षा सैल आहे आणि काही अटींवर बंद प्रॉडक्टबरोबर चालतं. यूआरएलमधे `jdbc:mysql` चं `jdbc:mariadb` केलं, दोन टाइमझोनच्या क्वेरी बिघडल्या, त्या नीट केल्या. मारियाडीबी सर्व्हर स्वतः जीपीएल २ आहे, पण तो वेगळा प्रोग्रॅम आणि तो समोरच्या कंपनीने स्वतःच बसवला, आपण वाटला नाही.

यादी गेली, समोरून एकच शंका आली आणि ती मात्र त्यांच्या वकिलाने छान पकडली होती. मालकाच्या अॅग्रीमेंटच्या मसुद्यात नेहमीचं वाक्य होतं की ग्राहकाने सॉफ्टवेअर उलगडून बघायचं नाही, रिव्हर्स इंजिनिअरिंग बंद. एलजीपीएल २.१ चं कलम ६ सांगतं की ती लायब्ररी वापरून बनवलेलं काम देताना तुमच्या अटींनी ग्राहकाला स्वतःपुरता बदल करू द्यायला हवा आणि त्या बदलातल्या चुका शोधायला रिव्हर्स इंजिनिअरिंग पण करू द्यायला हवं. म्हणजे कनेक्टर बदलून लायसन्स सुटलं आणि अॅग्रीमेंटमधे अडकलं. वकिलाने अॅग्रीमेंटच्या त्या कलमात एक वाक्य जोडलं, की सोबतच्या ओपन सोर्स घटकांचं लायसन्स जिथे तशी मुभा देतं तिथे ही बंदी लागू नाही, आणि कनेक्टरची जार मोठ्या जारमधे न गुंडाळता `lib` फोल्डरमधे वेगळी ठेवली, ज्याला बदलायची त्याने बदलावी. मालकाने सही केली त्याच्या आधी मला एकदा विचारलं की हे वाक्य आता बाकीच्या सोसायट्यांच्या अॅग्रीमेंटमधे पण टाकायचं का. तिथे आपण कॉपीच देत नाही, म्हटलं, तिथे नको.